पाटणचं महेश्वर मंदिर नेमकं कुठलं?

मागच्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन मी पाटणादेवीला गेले होते. देवीच्या देवळासमोर मुलांना बसवलं आणि घरून लिहून आणलेला कागद वाचायला घेतला. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने हे मंदिर बांधायला काढलं, त्याच्या मागे शके १०७५ मध्ये त्याचा मुलगा गोवन याने ते पूर्ण केलं, मंदिर शंकराचं आहे, असं मी सांगत गेले. पहिल्या ओळीत बसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही शंकराचं देऊळ म्हणताय. आपण तर देवीच्या देवळात आहोत."

ती बरोबर होती. मी चाळीसगावची, लहानपणापासून वर्षाला दोनदा तरी इथे आलेली. नवरात्रात आईबरोबर पायी आलेली. आणि शंभर मुलांसमोर एका देवळाची माहिती दुसऱ्याच देवळासमोर वाचत होते. त्या दिवशी मुलांना म्हटलं, थांबा, हे मी नीट शोधून सांगते. पुढचे चार महिने त्यातच गेले. ते सगळं इथे लिहिते आहे, कारण खानदेशात ही एकच जागा अशी नाही. नावं गुंतलेली कितीतरी ठिकाणं आहेत, आणि गुंता सोडवायची रीत बहुतेक सगळीकडे सारखीच लागू पडते.

आधी गुंता काय आहे ते सांगते. चाळीसगावहून नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटणे नावाचं गाव आहे. गाव सोडलं की गौताळा औट्रमघाट अभयारण्याची हद्द लागते. रस्ता आणखी आत गेला की चंडिकादेवीचं देऊळ. ह्या देवीलाच सगळे पाटणादेवी म्हणतात, आणि देवीवरून आख्ख्या परिसराचं नाव 'पाटणादेवी' पडलं आहे. एसटीच्या पाटीवर पाटणादेवी, लोकांच्या तोंडी पाटणादेवी, मोबाइलच्या नकाशातही तेच. पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत 'पाटणादेवी' शोधलं तर मंदिर हाती लागत नाही. तिथे आहे 'महेश्वर मंदिर, पाटण, जिल्हा जळगाव'. आणि हे महेश्वर मंदिर गावात विचारलं तर कोणालाच माहीत नसतं. आमच्याकडे कुणी महेश्वर म्हणत नाही. ते 'हेमाडपंती', फार तर 'महादेवाचं जुनं देऊळ'.

म्हणजे एका देवळाला तीन नावं, आणि शेजारच्या देवळाचं नाव सगळ्या परिसराला. माझी चूक तिथेच झाली होती. कागदावर 'पाटण येथील मंदिर' असं होतं, मी ते 'पाटणादेवीचं मंदिर' असं वाचलं.

पहिलं काम मी घरी बसूनच केलं. एका फुलस्केप कागदावर मिळतील तेवढी नावं लिहिली आणि प्रत्येक नावासमोर ते कोण वापरतं आणि कधीपासून, हे लिहिलं. पुरातत्त्व खातं म्हणतं महेश्वर मंदिर, पाटण. महसुली गाव पाटणे. १८८० चं खानदेशचं गॅझेटिअर इंग्रजीत आहे आणि त्यात गावाचं नाव पाटना वाचावं असं लिहिलेलं आहे, कारण पहिल्या 'अ'वर दीर्घाची खूण आहे. ती खूण पुढे कोणीतरी टाईप करताना गळते आणि बिहारच्या पाटण्यासारखं नाव होतं. मी स्वतः इंग्रजीत ते नाव शोधलं तेव्हा पहिली कितीतरी पानं बिहारचीच निघाली. 'पाटण' असं शोधलं तर गुजरातचं आणि साताऱ्याचं पाटण. जिल्ह्याचंही तसंच. जुन्या नोंदीत जिल्हा 'खानदेश', १९०६ नंतरच्या नोंदीत 'पूर्व खानदेश', १९६० नंतर 'जळगाव'. एकाच देवळाच्या तीन नोंदी तीन जिल्ह्यांत दिसतात आणि ज्याला हे माहीत नाही तो तीन देवळं शोधत बसतो.

हा कागद भरून झाला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. नावावरून जागा ठरवता येणार नाही. नाव फक्त आपल्याला पाच-दहा किलोमीटरच्या टापूत आणून सोडतं. पुढे नेमकं देऊळ ठरवायला नावापेक्षा न बदलणारी खूण लागते. तशी खूण माझ्याकडे होती. शिलालेख.

पाटणचे दोन शिलालेख प्रसिद्ध आहेत, आणि तेच लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळं करणं हे ह्या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल ठरलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा. तो निकुंभ राजांचा. त्यात घराण्याची स्तुती आहे, इंद्रराजाने शंकराचं देऊळ बांधायला घेतल्याचं आहे आणि गोवनाने ते पुरं केल्याचं आहे. हा लेख स्वतःच सांगतो की तो शिवमंदिराचा आहे.

दुसरा लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ राजा सोईदेव याने त्या मठाला दान दिलं, असा त्याचा मजकूर. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला, १८६५ साली त्यांचा त्यावरचा लेख आला. त्यांना तो सापडला देवीच्या देवळात. म्हणजे एक लेख महादेवाचा, एक देवीच्या देवळातला. एक देऊळ बांधल्याचा, दुसरा मठाच्या दानाचा. दोन्हींत निकुंभ, दोन्हींचं गाव एक. मिसळायला आणखी काय हवं?

मिसळण्याचा पुरावा मला फार लवकर सापडला. 'हे हेमाडपंती देऊळ सन ११२८ मध्ये बांधलं' असं वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. ११२८ हा आकडा दुसऱ्या लेखातला आहे, आणि तो शक आहे, इसवी सन नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. तसं केलं तर ११२८ चा १२०६ किंवा १२०७ होतो. लेखात नुसता शक नाही, प्रभव संवत्सर आहे, श्रावणी पौर्णिमा आहे आणि चंद्रग्रहण आहे. संवत्सर आणि ग्रहण जुळवून विद्वानांनी ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख काढली. प्रभव संवत्सर १२०७ मध्ये सुरू होतं, म्हणून नुसत्या ७८ च्या बेरजेपेक्षा वर्ष पुढे गेलं. म्हणजे ज्या वाक्यात '११२८ साली बांधलं' असं आहे त्यात तीन चुका एकत्र आहेत: देऊळ चुकलं, कालगणना चुकली, आणि प्रसंगही चुकला. हे वाक्य दिसलं की मी आता समजून जाते की पुढची जागेची माहितीही तपासूनच घ्यायची.

ह्या दुसऱ्या लेखाने मात्र मला एक अनपेक्षित आधार दिला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तिथे 'इयां पाटणीं जें केणें उघटे' असे शब्द येतात. ह्या पाटणात जो माल विक्रीला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असा त्याचा आशय. वाचताना अंगावर काटा आला. आठशे वर्षांपूर्वीच्या लेखात, आपल्याच भाषेत, गाव 'पाटण' आहे. म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या यादीतलं 'पाटण' हे कुठल्या साहेबाने चुकून लिहिलेलं नाव नाही. पण इथे एक सावधगिरी हवी. पाटण हा मुळात बाजारपेठेच्या शहराला वापरला जाणारा सामान्य शब्द आहे, म्हणूनच देशात इतकी पाटणं आहेत. 'इयां पाटणीं' म्हणजे 'ह्या शहरात' इतकाही अर्थ निघतो. त्यामुळे ते नाव पटतं, पण एवढ्यावरून जागा सिद्ध झाली असं मी म्हणत नाही. लेख जिथे सापडला ती जागा आणि लेखातला शब्द, दोन्ही जुळतात, म्हणून भरवसा वाटतो.

आता नकाशा. आमच्या शाळेत एक जुनी वही आहे, त्यात तालुक्यातल्या वास्तूंची स्थानं कोणीतरी कष्टाने लिहून ठेवली आहेत. पाटणच्या देवळासमोर अक्षांश २० अंश २० मिनिटे असं होतं. अलीकडे कोणीतरी ती वही संगणकावर उतरवली, आणि तिथे २०.२० झालं. साधी गोष्ट वाटते, पण हिशोब करून बघा. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून २० मिनिटं म्हणजे अंशाचा एक तृतीयांश, ०.३३. खरा आकडा २०.३३ हवा. फरक ०.१३ अंशाचा. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर साधारण १११ किलोमीटर असतो, म्हणजे जागा चौदा-पंधरा किलोमीटर दक्षिणेला सरकली. घाट चढून थेट मराठवाड्यात, कन्नड तालुक्यात. मोबाइलवर तो बिंदू उघडला तर देवळाचा मागमूस नाही. अशी चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे बिंदू घाटाच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघणं. पाटण घाटाच्या खाली, खानदेशात आहे. बिंदू पठारावर पडला तर आकडा नक्की चुकलेला.

जुन्या छापील सर्वेक्षण नकाशातही एक अडचण आली. ७५ अंश पूर्व रेखांश चाळीसगावच्या जवळून जातो, आणि जुन्या पद्धतीत तिथेच नकाशाचा ताव बदलतो. पश्चिमेकडचा भाग ४६ एल मध्ये, पूर्वेकडचा ४६ पी मध्ये. आमच्या चित्रकलेच्या सरांकडे एकच ताव होता, आणि त्याच्या कडेला येऊन डोंगररांग तुटली होती. दोन्ही ताव जमिनीवर शेजारी मांडले तेव्हा कुठे नदीचं वळण, घाटाची कड आणि चाळीसगावचा रस्ता एका नजरेत आला. शिवाय जुना नकाशा ज्या मोजणीवर आधारलेला आहे ती आणि मोबाइलची मोजणी एक नाही, त्यामुळे ह्या भागात शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. आमच्या कामात तो फार त्रासदायक नव्हता, कारण वेगळी करायची दोन देवळं एकमेकांपासून त्यापेक्षा पुष्कळ लांब आहेत. पण दोन वास्तू पन्नास मीटरवर असतील तर जुन्या नकाशावरून मोजलेला बिंदू तसाच मोबाइलमध्ये घालू नये.

एवढी तयारी झाल्यावर एप्रिलच्या एका रविवारी मी आणि सर मोटारसायकलवर निघालो. एप्रिल मुद्दाम निवडला. पावसाळ्यात पाटणादेवी सुंदर दिसते, पण जंगल इतकं दाटतं की रस्त्यावरून देऊळ दिसत नाही आणि उपग्रहाच्या चित्रातही नुसती हिरवळ. उन्हाळ्यात पानगळ होते, दगडी जोतं लांबून दिसतं आणि उपग्रहाच्या चित्रात जोत्याचा आयत, त्याची सावली ओळखता येते. उन्हाचा त्रास आहे, तो सोसावा.

गावात पहिल्यांदा चहाच्या टपरीवर थांबलो. मी नवशिकी, पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. "काका, महेश्वर मंदिर हेच ना, पुढे जे लागतं ते?" काकांनी मान डोलावली, "हां हां, हाऊच रस्ता शे. सरळ जा." पुढे जाऊन आणखी एकाला विचारलं, त्यांनीही हो म्हटलं. सरांनी मला थांबवलं. म्हणाले, तुम्ही उत्तर त्यांच्या हातात देताय, माणूस पाहुण्याला नाही कशाला म्हणेल? मग तिसऱ्या ठिकाणी मी नाव घेतलंच नाही. एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन चालली होती. तिला विचारलं, "आजी, इकडे जुनी देवळं कोणकोणती आहेत?" तिने बोटावर मोजली. "एक देवीनं. एक हेमाडपंती. आनि केदारकुंडले महादेव शे." मग विचारलं, "हेमाडपंतीत कोणता देव?" "महादेवच ना, बाई! पिंडी शे तठे."

हे उत्तर मोलाचं होतं. महादेव दोन आहेत हे मला आधी माहीतच नव्हतं. 'पाटणचं महादेव मंदिर' एवढ्यावर कोणी केदारकुंडाकडे वळला असता तरी गावकऱ्यांनी त्याला चूक म्हटलं नसतं. तेव्हापासून मी कुठेही गेले की तीनच प्रश्न विचारते: जुनी देवळं कोणती, ह्याला तुम्ही काय म्हणता, आणि ह्याच देवाचं दुसरं देऊळ आसपास आहे का. ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो' एवढंच येऊ शकतं तो प्रश्न विचारत नाही.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि पुढे गेलो. देवीच्या देवळाच्या अलीकडे, गाडीच्या मीटरप्रमाणे किलोमीटरभर आधी, एक वाट फुटते. इतकी वर्षं मी ह्या वाटेवरून पुढे निघून जात होते. देवीला जाणारी गर्दी ह्या फाट्यावर थांबतच नाही. वाटेने आत गेलं की झाडीतून एकदम उंच जोतं दिसतं, त्यावर काळ्या दगडाचं देऊळ. शिखर पडून गेलेलं, बाहेरच्या भिंतींवर मूर्ती, आत मंडप आणि गाभाऱ्यात पिंडी. बाहेर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी. त्यावर नाव 'महेश्वर मंदिर'.

पाटी दिसली तेव्हा खरं तर काम झालं असं वाटायला हवं होतं. पण मी सरांना म्हटलं, पाटीवर थांबायचं नाही. पाटी माणसाने लावलेली असते, ती हलते, कधी मुख्य रस्त्याच्या सोयीसाठी वाटेवरच लावलेली असते. आपल्याला वास्तू पक्की करायची आहे. म्हणून आत जाऊन शिलालेख पाहिला. अक्षरं देवनागरी असली तरी जुन्या वळणाची, मला सगळी वाचता आली नाहीत. पण मी छापील पाठ बरोबर नेला होता. 'निकुंभ' हा शब्द शोधायचा, राजांची नावं शोधायची, असं ठरवलं होतं. एकेक अक्षर छापील पाठाशी ताडत गेलो. तासाभराने दोन नावं जुळली. लेखावर हात लावला नाही, खडू-पीठ काही चोळलं नाही. पूर्वी लोक अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून चोळायचे, त्याने दगड खराब होतो. सरांनी टॉर्च बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून धरला. तिरप्या उजेडात खोदलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उमटतात, समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. ही एवढी युक्ती पुरली.

मग तिथून परत पुढे देवीच्या देवळात गेलो, माझ्या चुकीच्या जागी. नारळ-फुलांच्या टपऱ्या, घंटेचा आवाज, ओळखीचं सगळं. दोन्ही देवळांत त्याच दिवशी जाणं गरजेचं होतं. एकच देऊळ बघून परतलं तर 'हेच ते' असं वाटतंच. दोन्ही बघितली की फरक डोळ्यांत राहतो.

बिंदू घेताना मी घाई केली नाही. मोबाइल उघड्यावर धरला, झाडाखाली नाही. देऊळ डोंगरांच्या मध्ये असल्याने सुरुवातीला नकाशावरचं निळं वर्तुळ मोठं होतं, म्हणजे फोनला स्वतःच्या जागेची खात्री नव्हती. ते लहान होईपर्यंत थांबले. जोत्याच्या समोर उभं राहून तीनदा आकडा लिहिला, मध्ये पाच-पाच मिनिटं सोडून. तिन्ही एकमेकांच्या अगदी जवळ आले तेव्हाच तो धरला. फाटा आणि देऊळ, दोन्हींचे बिंदू वेगवेगळे घेतले, कारण गाडीवाल्याला फाटा लागतो आणि नोंदीला देऊळ. घरी येऊन तो बिंदू उपग्रहाच्या चित्रावर टाकला, तर तो बरोबर जोत्याच्या आयताच्या काठावर पडला.

कागदावरची शेवटची बाजू राहिली होती. तलाठी कार्यालयात गावनकाशा बघून महसुली गाव पाटणे आहे हे पक्कं केलं, आणि वनरक्षकांकडून वनकक्षाचा क्रमांक घेतला. देऊळ अभयारण्यात असल्याने हा क्रमांकही लागतो. नावं बदलतात, गावं सरकतात, जिल्हे फुटतात, पण ह्या क्रमांकांवरून जागा पुन्हा शोधता येते.

ह्याच कामात आणखी एक गुंता हाती लागला, तो इथेच सांगून टाकते. देवळाच्या मागे जो डोंगर आहे त्याला कण्हेरगड म्हणतात. त्याच्या अंगावर नागार्जुन कोठडी, सीतान्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी आहेत, आणि त्यांची नोंद देवळापासून वेगळी होते. बऱ्याच याद्यांत हे सगळं 'पाटण' म्हणून एकाच बिंदूवर ठेवलेलं असतं. तो बिंदू बहुतेक देवीच्या देवळावर असतो. लेणी बघायला आलेला माणूस तिथून विचारत विचारत परत मागे येतो.

आणि कण्हेरगड हे नावही एकट्या आमच्याकडे नाही. नाशिक जिल्ह्यात कळवण तालुक्यात, सप्तशृंगीच्या रांगेत दुसरा कण्हेरगड आहे. रामजी पांगेरा आणि दिलेरखानाच्या झुंजीची गोष्ट त्या कण्हेरगडाची. ती गोष्ट मी आमच्या डोंगरावर उभं राहून सांगितलेली ऐकली आहे, आणि ऐकताना माझाही ऊर भरून आला होता. पण ती लढाई इथे झालेली नाही. आता मी कण्हेरगडाचं नाव आलं की आधी तालुका लिहिते.

आणखी एक मर्यादा मला मुद्दाम लिहाविशी वाटते. मी जे पक्कं केलं ते एवढंच: यादीतलं महेश्वर मंदिर म्हणजे लोकांचं हेमाडपंती देऊळ, ते देवीच्या देवळाहून वेगळं आहे, आणि शके १०७५ चा लेख त्याचा आहे. भास्कराचार्य इथेच जन्मले का, इथेच राहिले का, हा वेगळा प्रश्न. त्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलं आहे. मठाच्या लेखावरून त्यांच्या नातवाने इथे मठ काढला एवढं नक्की होतं. आमच्या तालुक्याचं प्रेम मलाही आहे, भास्कराचार्य आमचे असं म्हणायला मलाही आवडतं. पण देवळाची जागा पक्की झाली म्हणून तोही प्रश्न सुटला, असं मुलांना शिकवायला माझं मन घेत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आम्ही वर्गात तालुक्याचा मोठा नकाशा लावला. पाटणजवळ चार टाचण्या टोचल्या: देवी, महेश्वर, लेणी, आणि केदारकुंडाचा महादेव. प्रत्येक टाचणीला चिठ्ठी. महेश्वरच्या चिठ्ठीवर वर यादीतलं नाव, त्याखाली 'गावात: हेमाडपंती', त्याखाली महसुली गाव पाटणे, शके १०७५ (इ. स. ११५३), आणि 'देवीच्या देवळाच्या अलीकडे किलोमीटरभर, फाट्यावरून आत'. मोबाइलच्या नकाशातही बिंदू सुधारण्याची सूचना पाठवली, आणि तिथे दोन्ही नावं दिली. नुसतं 'महेश्वर' लिहिलं असतं तर गावकऱ्याला कळलं नसतं, नुसतं 'हेमाडपंती' लिहिलं असतं तर यादी घेऊन येणाऱ्याला.

ती मुलगी आता दहावीत आहे. केदारकुंडाची चिठ्ठी तिने स्वतः लिहिली, आणि खाली कंसात लिहून ठेवलं: महादेव, पण महेश्वर नाही.